प्रमाणपत्रावरील नाव भरण्याबाबत सूचना

सर्व वर्गशिक्षकांना कळविण्यात येते की, विज्ञान प्रदर्शनाच्या कोऱ्या सहभाग प्रमाणपत्राची स्कॅन प्रत गटावर ठेवली असून, ती चित्रस्वरूपात असल्यामुळे तिच्यावरील नावाच्या जागी थेट टंकलेखन होत नाही. वर्डमध्ये हे चित्र `Behind Text` या पर्यायाने मागे ठेवावे आणि नावासाठी वर स्वतंत्र टेक्स्ट बॉक्स घेऊन त्याची पार्श्वभूमी व कडा दोन्ही काढून टाकाव्यात. ठिपक्यांची रेघ झाकण्यासाठी पांढरा चौकोन लावू नये. मूळ कागद किंचित पिवळसर असल्याने पडद्यावर न जाणवणारे ते ठिगळ छपाईत मात्र स्पष्ट उठून दिसते. रेघ तशीच राहू द्यावी आणि नाव तिच्यापासून सुमारे दोन मिलिमीटर वर घ्यावे, अन्यथा ‘सुयश’मधील उकार ठिपक्यांत मिसळून ‘सयश’ असे वाचले जाते, जे गेल्या वेळी आमच्याच हातून झाले.

यादीतील सर्वांत लांब नाव आधी भरून पाहावे व त्याला पुरेल तोच अक्षर-आकार सर्वांसाठी ठेवावा. नावांचे शुद्धलेखन हजेरीपटावरून नव्हे, तर जनरल रजिस्टरवरून तपासावे. छपाईपूर्वी साध्या कागदावर एक प्रत काढून ती मूळ प्रमाणपत्रासह उजेडासमोर धरून जुळवावी.