सहा आठवड्यांचं दुखणं आणि आरए फॅक्टरचा रिपोर्ट

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या आरोग्याच्या पानावर मागच्या आठवड्यात चिकुनगुनियानंतरच्या सांधेदुखीवर माहिती आली होती, त्यात शेवटी एक चौकट होती की दुखणं महिनाभर थांबलं नाही तर आरए फॅक्टर ही रक्ताची टेस्ट करून घ्या आणि पॉझिटिव्ह आला तर तो संधिवात समजा. मी भांडुपला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, ही टेस्ट आम्ही पावसाळ्यानंतर ढिगाने लावतो, म्हणून म्हटलं लिहावंच, कारण त्या एका ओळीवर विसंबून लोक नको त्या औषधांवर जातात किंवा उलट हवं ते औषध सुरू करायला उशीर करतात.

आमच्याच घरातलं सांगते. माझ्या वहिनीचं पोळीभाजी केंद्र आहे, म्हणजे मनगटावरच पोट. गणपतीनंतर एका संध्याकाळी तिला थंडी वाजून ताप भरला आणि रात्री बाथरूमला जायला उठली तर घोट्यावर उभंच राहता येईना. सकाळपर्यंत मनगटं, बोटांची पेरं, घोटे, गुडघे सगळं एकदम धरलं, अंगावर पुरळ आलं. डेंग्यूची एनएस-वन निगेटिव्ह, आठव्या दिवशी केलेली चिकुनगुनियाची आयजीएम, म्हणजे ताज्या इन्फेक्शनची अँटिबॉडी, पॉझिटिव्ह. ताप तीन-चार दिवसांत गेला पण हात काही सुटले नाहीत. सातव्या आठवड्यातही सकाळी कुकरचं झाकण फिरवून लागत नव्हतं, बांगड्या मनगटावरून सरकत नव्हत्या, सूज एवढी होती, आणि हात जरा मोकळे व्हायला दहा वाजायचे, तोवर कणीक भाऊ मळायचा. पलंगावरून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा ठोकल्यासारखं व्हायचं.

तेव्हा जवळच्या डॉक्टरांनी आर्थरायटिस पॅकेज लिहून दिलं. आरए फॅक्टर ३४, आमच्याकडे २०च्या आत निगेटिव्ह धरतात, अंगातली सूज दाखवणारे सीआरपी आणि ईएसआर वाढलेले. रिपोर्ट बघून लगेच सांगितलं, हा रूमेटॉइड, म्हणजे शरीर आपल्याच सांध्यांवर उलटतं तो संधिवात आहे, आयुष्यभर गोळ्या. आणि स्टिरॉइड सुरू. दोन दिवसांत वहिनी उड्या मारायला लागली, मग तर सगळ्यांना खात्रीच पटली की निदान बरोबर होतं. पण स्टिरॉइडने चिकुनगुनियाची सूजही उतरते आणि रूमेटॉइडचीही उतरते, गुण आला यावरून आजार कुठला ते कळत नाही.

आता गंमत अशी की डॉक्टरांनी काही हवेत तीर मारला नव्हता. रूमेटॉइड ओळखायला २०१० साली अमेरिका आणि युरोपच्या संघटनांनी मिळून जी मार्कांची पद्धत काढली त्यात दहापैकी सहा मार्क मिळाले की रूमेटॉइड म्हणायचं. दहापेक्षा जास्त सांधे धरलेत आणि त्यात बोटांसारखे छोटे सांधे आहेत, पाच मार्क. सहा आठवड्यांच्या वर झालंय, एक मार्क. म्हणजे चिकुनगुनिया झालेली बाई सहा आठवड्यांनंतरही सगळे सांधे सुजवून बसली असेल तर रक्त न काढताच पास! वहिनीचे सीआरपीचा एक आणि थोड्या वाढलेल्या आरए फॅक्टरचे दोन धरून नऊ झाले. पण त्या पद्धतीत अगदी आधीच एक अट आहे जी घाईत कोणी वाचत नाही, की सांध्याची ही सूज दुसऱ्या एखाद्या आजाराने जास्त नीट समजत असेल तर मार्क मोजायलाच बसायचं नाही. जिची आयजीएम पॉझिटिव्ह आहे आणि जिचे सांधे तापाच्या रात्रीच धरले तिच्यासाठी तो दुसरा आजार समोरच उभा होता.

आरए फॅक्टरचं तर काय सांगू. टेस्टच्या नावातच आरए आहे म्हणून लोकांना वाटतं हीच शेवटची मोहर. पण हा आकडा म्हातारपणी, हिपॅटायटिस सीमध्ये, कुठल्या ना कुठल्या इन्फेक्शननंतर, कधीकधी अगदी धडधाकट माणसातही थोडा वाढलेला सापडतो. व्हायरसशी लढताना शरीर ज्या अँटिबॉडी बनवतं त्या गोंधळात हीही बनते आणि पुष्कळदा काही महिन्यांनी ओसरते. जास्त भरवशाची टेस्ट अँटी-सीसीपी, ती चिकुनगुनियानंतर सहसा निगेटिव्ह येते. ती चांगली भरघोस, म्हणजे मर्यादेच्या तिपटीच्या वर पॉझिटिव्ह असेल तर मात्र चिकुनगुनिया होऊन गेलेला असला तरी रूमेटॉइडचा विचार गंभीरपणे करावाच लागतो. उलट निगेटिव्ह आली म्हणून रूमेटॉइड नाहीच असं नाही हां, रूमेटॉइडच्या साधारण तीन-चारांतल्या एका पेशंटमध्ये ती निगेटिव्हच राहते. एकाही टेस्टवर शिक्का मारता येत नाही, हे मी लॅबवाली असून सांगते.

भाऊ मग तिला महापालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलातल्या रूमेटॉलॉजीच्या, म्हणजे संधिवाताच्या ओपीडीत घेऊन गेला, मीही गेले होते. तिथल्या मॅडमनी फाईल बाजूला ठेवली आणि पहिला प्रश्न हा की, "ताई, दुखायला लागलं तो दिवस आठवतो का?" वहिनीला वार, वेळ, केंद्रावर त्या दिवशी कुठली भाजी होती तेही आठवत होतं. रूमेटॉइडवाल्याला बहुतेक वेळा असा दिवस सांगता येत नाही, ते आठवड्या-आठवड्यांनी चढत जातं, आधी बोटांची मुळं, मग मनगट, मग पायाचा चवडा. चिकुनगुनिया एका रात्रीत सगळीकडे येतो, घोटे आणि टाचा जास्त पकडतो, सांध्याबरोबर त्याच्या आजूबाजूच्या दोऱ्या म्हणजे टेंडनही सुजवतो, काहींना मनगटात नस दाबली जाऊन बोटांना मुंग्या येतात, आणि पूर्वी मुरगळलेला किंवा झिजलेला सांधा हटकून उकरून काढतो. मग दिवस बरे-वाईट करत, वर-खाली होत एकूण उतरत जातो.

अँटी-सीसीपी केली, निगेटिव्ह. हाताचा एक्स-रे साफ. सोनोग्राफीत मनगटात सूज दिसली पण हाड कुरतडलेलं कुठे नव्हतं. हिपॅटायटिस बी आणि सीही बघून घेतले. मॅडमनी सांगितलं की सुरुवातीच्या रूमेटॉइडमध्येही एक्स-रे साफ असू शकतो, म्हणून आज नाव लिहीत नाही, व्हायरसनंतरचा आर्थरायटिस म्हणून धरू आणि तीन महिने पूर्ण झाले की परत बघू. सूज तीन महिन्यांच्या पुढे टिकली तर त्याला क्रॉनिक म्हणतात, तोवर घाई नाही. स्टिरॉइडचा डोस अगदी कमी करून काही आठवड्यांत उतरवत बंद केला (आपल्या मनाने एकदम सोडायचा नसतो), दुखण्याची गोळी पोटाच्या गोळीबरोबर, आणि मेणाच्या शेकाबरोबर हाताचे व्यायाम. तीन महिन्यांनी घोटे मोकळे झाले होते, मनगटं नव्हती, तेव्हा हायड्रॉक्सीक्लोरोक्विन सुरू झालं, डोळ्यांच्या तपासणीसकट. पुढच्या पावसाळ्याच्या आत तिच्या मनगटांत फक्त थंडीच्या सकाळी थोडी कणकण उरली होती आणि आरए फॅक्टर परत केला तो निगेटिव्ह.

काहींची सूज यानेही जात नाही, त्यांना मेथोट्रेक्सेट देतात, जे रूमेटॉइडचं मुख्य औषध. चाळीत इथेच घोळ होतो, माझी आणि तुझी गोळी एकच म्हणजे आजारही एकच. गोळी एक असली तरी चिकुनगुनियात सूज गेली की ती हळूहळू काढून घ्यायचा प्रयत्न असतो, रूमेटॉइडमध्ये बहुतेकांना वर्षानुवर्षं चालते. आणि ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज घेतली तर जिवावर बेततं, शेजारणीच्या पाकिटातली तर घ्यायचीच नाही.

दुसरी बाजूही आहे आणि ती मला जास्त भीतीची वाटते. आमच्या लॅबमध्ये एक बाई आली होती, बोटं आणि मनगटं सुजलेली, वर्षभर सगळे म्हणत होते चिकुनगुनियाचं आहे, जाईल. तिला कधी ताप आलाच नव्हता. कुठेतरी चिकुनगुनियाची आयजीजी केली होती ती पॉझिटिव्ह म्हणून सगळे निवांत. अहो, आयजीजी म्हणजे कधीतरी होऊन गेला एवढंच, ती जवळजवळ जन्मभर पॉझिटिव्ह राहते. बार्शीला १९७३ साली साथ आली होती, मग हा आजार देशातून गेल्यासारखाच झाला आणि २००६च्या आसपास जो परत आला तो गेलाच नाही, त्यामुळे मुंबईत कित्येकांच्या रक्तात ती सापडेल, दुखणं असो नसो. आयजीएमही काही महिने रेंगाळते. त्या बाईंची अँटी-सीसीपी मशीनच्या वरच्या टोकाला गेली आणि एक्स-रेत बोटांच्या मुळाशी हाड खाल्लेलं होतं. रूमेटॉइडमध्ये पहिल्या काही महिन्यांत औषध सुरू झालं तर हाडं वाचतात, खाल्लेलं हाड परत भरत नाही. तिचे ते महिने "व्हायरलनंतर होतं असं" म्हणण्यात गेले.

बाकी व्हायरसांचं थोडक्यात. डेंग्यूचं अंग तापाबरोबर मोडतं आणि बहुतेक तापाबरोबरच सुटतं (डेंग्यू नाही हे कळेपर्यंत तापात ब्रूफेन किंवा अॅस्पिरिन नको, पॅरासिटामॉलच). लहान मुलांना गाल लाल होणारा पार्व्हो व्हायरस येतो, त्यांच्या आयांना आणि शिक्षिकांना त्यातून हुबेहूब रूमेटॉइडसारखी बोटं सुजतात, पण सहसा काही आठवड्यांत आपोआप जातं.

तुम्हाला विनंती एवढीच की ती चौकट दुरुस्त करून छापा. दुखणं सुरू झालं तो दिवस आणि ताप होता का ते लिहून ठेवा, तापाच्या दिवसांतले रिपोर्ट फेकू नका, सहा आठवड्यांनंतरही सूज असेल तर नुसता आरए फॅक्टर न करता अँटी-सीसीपीही करा आणि जमलं तर रूमेटॉलॉजिस्टला दाखवा, महापालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलांत ही ओपीडी असते. ताप न येताच सूज चढत चालली असेल तर सहा आठवडेही थांबू नका. नुसती ठणक आहे आणि सूज नाही, सकाळचा आखडलेपणाही नाही, त्यांनी पॅकेजवर पैसे घालवायची गरज नाही, हे आमच्या मालकांना आवडणार नाही तरी लिहिते.

आपली,
एक वाचक
भांडुप (पूर्व), मुंबई