आंब्यावरचे हुमले

साखळी, गोवा
नोव्हेंबरचा दुसरा आठवडा

प्रिय सुनीता,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र वाचून हसूच आलं. ईशानला घेऊन रानात फिरायला जायचं ठरवतेस आणि तो अर्ध्या वाटेवर ‘आई, घरी कधी?’ विचारतो. अगं, सात वर्षांच्या मुलाला रान कशाला हवं? तुमच्या परसातला एक आंबा पुरे. सकाळी आठच्या सुमाराला अर्धा तास तिथे बसा. एकच झाड पुन्हापुन्हा बघितलं की त्यात काय बदललं ते मुलाच्या आपोआप लक्षात येतं.

आंब्यावर हुमले, म्हणजे त्या तांबड्या मुंग्या, असणारच. पानं एकमेकांना चिकटवून केलेला हिरवा गोळा शोधायला सांग. पानं हिरवी असतील आणि वर हुमले फिरत असतील तर घरटं नांदतं आहे. पानं वाळून तपकिरी झाली असतील आणि कुणी दिसत नसेल तर ते सोडून दिलेलं. एकाच वसाहतीची अशी बरीच घरटी असतात, कधी शेजारच्या झाडांवरही. ईशानला वहीत झाडाचं चित्र काढून त्यावर ती मांडू दे.

घरटं बहुधा फांदीच्या टोकाला, कोवळ्या पानांत का, हे त्याला हातानेच कळू दे. खाली पडलेलं एक जून पान आणि एक तांबूस कोवळं पान दुमडायला दे. जून पान मोडतं, कोवळं वाकतं. आंब्याचा चीक मात्र अंगाला लागू देऊ नकोस, कातडी भाजते.

नवीन घरटं बांधताना सापडलं तर नशीबच. पानांच्या कडा ओढायला हुमले ओळीने उभे राहतात. दोन पानांतलं अंतर जास्त असेल तर एकमेकांच्या कमरेला धरून साखळी करतात. कडा जवळ आल्या की दुसरे हुमले आपल्या अळ्या तोंडात धरून आणतात आणि विणकराच्या धोट्यासारख्या या कडेवरून त्या कडेवर फिरवतात. रेशीम अळीचं, मोठ्या हुमल्याला ते काढता येत नाही. अळीचं रेशीम असं घरासाठी खर्च होतं, म्हणून या जातीत ती स्वतःभोवती कोश विणत नाही. पांढरी अळी दिसायला भिंग हवं, पण ते घेऊन घरट्याला नाक लावायचं नाही, हे आधीच बजाव.

माझ्या भाचीला सगळ्यात आवडला तो मेलेल्या माशीचा खेळ. बुंध्यावरून हुमल्यांची वाट जाते ना, तिच्यापासून वीतभर अंतरावर सालीच्या खाचेत आम्ही माशी काडीने ठेवली. पहिल्या हुमल्याने मिशांनी चाचपून एक पाय धरला आणि मागे रेलून उभा राहिला. मग दुसरा, तिसरा, प्रत्येकजण वेगळ्या बाजूने ओढायला लागला. माशी ताणली गेली, हलेना. भाची वैतागली, ‘हे भांडतायत!’ थोड्या वेळाने तीच माशी वर सरकायला लागली. सावज जिवंत असतं तर या ताणानेच जखडलं गेलं असतं. माशी वाटेपासून फार लांब ठेवलीस तर बारक्या काळ्या मुंग्या आधी पोचतात आणि खेळ फसतो.

त्याच वाटेच्या कडेने एखादा ‘हुमला’ एकटाच, जरा चोरून चालताना दिसला तर पाय मोजायला लाव. सहा नव्हे, आठ! तो हुमल्याचं सोंग घेतलेला कोळी असतो. पुढचे दोन पाय मिशांसारखे वर धरतो आणि घाबरला की धाग्यावरून खाली सुटतो. नराचे जबडे इतके लांब असतात की एक हुमला दुसऱ्याला घेऊन चाललाय असं वाटतं. रोज दिसणार नाही, हे सांगून ठेव.

पक्ष्यांसाठी वेगळं फिरायला नको. तिथेच डोळे मिटून बस म्हणावं, आवाज आला की त्या दिशेला बोट. भारद्वाजाचं ‘हूप हूप’ आणि बुलबुलाची किलबिल त्याला लगेच ओळखता येईल. मग आंब्यावर उतरलेला पक्षी घरट्याच्या फांदीवर किती वेळ टिकतो आणि दुसऱ्या फांदीवर किती, ते एक-दोन-तीन म्हणत मोजू दे. उत्तर तू सांगू नकोस.

आता काळजीचं. पूर्ण बाह्यांचा सदरा, बंद बूट, आणि बुंध्याला टेकायचं नाही. हुमल्यांनी पोट वर उचलून जबडे उघडले की दोन पावलं मागे. अंगावर चढलेच तर चिरडायचं नाही, कापडाने झटकायचं. ते चावतात आणि जखमेवर आम्लही सोडतात, म्हणून जागा पाण्याने धुवायची आणि तो हात डोळ्याला लावायचा नाही. सूज भलतीकडे पसरली किंवा श्वासाला त्रास झाला तर थेट डॉक्टर.

भिंग माझ्याकडे जास्तीचं आहे, रविवारी येणाऱ्या भावजींबरोबर पाठवते. ईशानने काढलेलं झाडाचं चित्र त्यांच्याच हातून परत पाठव, घरटी किती सापडली ते मला बघायचंय.

तुझीच,
वैशाली