‘भारतात रोखलेली’ म्हणजे ‘खोटी ठरलेली’ नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकात ‘न्यायालयाने पोस्ट हटवली’ या मथळ्याची चौकट वाचली. सोबत छापलेल्या एक्सवरील त्या पोस्टच्या चित्रात मात्र "withheld in IN in response to a legal demand" एवढीच ओळ स्पष्ट दिसत होती. या ओळीत न्यायालय कुठे आहे आणि हटवणे कुठे आहे, हे आपल्या बातमीदाराने कृपया दाखवून द्यावे.

पोस्ट रोखलेली आहे, आणि तीही IN म्हणजे भारतात पाहणाऱ्यांपुरती, एवढाच त्या पाटीचा अर्थ. बाकी जगात ती जशीच्या तशी दिसते. एक्सचे स्वतःचे नियम मोडले म्हणून पोस्ट काढली, तर तिथे वेगळी पाटी येते. ‘कायदेशीर मागणी’ हा न्यायालयाचा आदेश असू शकतो, तसाच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खालचा केंद्र सरकारचा आदेशही असू शकतो. यांपैकी कोणता, हे पाटी सांगत नाही.

हे मी दोन वर्षांपूर्वी स्वतः भोगले आहे. आमच्या इमारतीचा ताबा देऊन सहा महिने होत नाहीत तोच पार्किंगच्या स्लॅबमधून पाणी ठिबकू लागले. बिल्डरला पाठवलेल्या तीन पत्रांना उत्तर न आल्यामुळे मी त्या गळतीची दोन छायाचित्रे तारखांसह एक्सवर टाकली. काही आठवड्यांनी तिथे हीच पाटी आली आणि दुसऱ्याच दिवशी जिन्यात सोसायटीच्या चिटणीसांनी विचारले, ‘काका, कोर्टानं तुम्हाला खोटं ठरवलं म्हणे?’ त्याच रात्री डसेलडॉर्फहून भाच्याने त्याच्या पडद्याचे छायाचित्र पाठवले. त्यात माझी पोस्ट पाण्याच्या थेंबासकट जागेवर होती.

एक्सकडून आलेल्या ई-मेलसोबत आदेशाची प्रत होती, म्हणून निदान प्रकरण कळले. बिल्डरच्या त्या दाव्यात प्रतिवादी म्हणून माझे नावच नव्हते. तिथे होते ‘अशोक कुमार’! ज्यांची ओळख ठाऊक नाही अशा प्रतिवादींसाठी आपल्याकडील न्यायालयांत वापरले जाणारे हे नाव आहे. आदेशाला जोडलेल्या दुव्यांच्या यादीत माझ्या पोस्टचा दुवा सतरावा होता. आदेश एकतर्फी आणि अंतरिम होता. म्हणजे माझे काहीही न ऐकता, वादीच्या कागदांवरून प्रथमदर्शनी दिलेला. स्लॅब गळतो की नाही, या प्रश्नाला त्यात कोणी हातही लावला नव्हता.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९, नियम ३अ प्रमाणे असा एकतर्फी मनाई अर्ज शक्यतो तीस दिवसांत निकाली काढायचा असतो, आणि नियम ४ प्रमाणे बाधित पक्षाला आदेश बदलून किंवा रद्द करून मागता येतो. मी तसा अर्ज केला, तीन तारखांना शिवाजीनगरला खेटे घातले आणि यादीतून माझा दुवा वगळून घेतला. त्या आदेशाची प्रमाणित प्रत वकिलांनी एक्सला पाठवल्यावर पोस्ट भारतात पुन्हा दिसू लागली. हे सांगायला मात्र जिन्यात कोणी थांबले नाही.

कलम ६९अ खालचा आदेश असता तर एवढेही हाती लागले नसते. त्या कलमाखाली सार्वभौमत्व, संरक्षण, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था आणि यांच्याशी निगडित दखलपात्र गुन्ह्याला चिथावणी रोखणे एवढीच कारणे चालतात. बिल्डरची अब्रू त्यांत बसत नाही. पण २००९ च्या नियमांतील नियम १६ त्या तक्रारी व आदेश गोपनीय ठेवायला सांगतो. लेखक सापडण्याजोगा असेल तर त्यालाही ऐकून घ्यायचे असते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये श्रेया सिंघल प्रकरणात नोंदवले आहे. प्रत्यक्षात आदेशच दिसला नाही, तर आपल्याला ऐकायला हवे होते हे लेखक कोणत्या कागदावर बोट ठेवून म्हणणार?

तेव्हा बातमी देण्यापूर्वी त्या लेखकाला फोन करून आलेला ई-मेल मागावा, त्यात आदेश असल्यास दावा क्रमांक पाहावा, आणि आदेश अंतरिम आहे की अंतिम हे वाचावे. या कामाला अर्धा तास पुरतो. आपल्या विद्वान बातमीदारांना तो मिळत नसेल, तर निदान मथळ्यात ‘भारतात रोखली’ एवढे दोन शब्द तरी मावतील.

जाता जाता एक. गेल्या महिन्यात आपण माझे पत्र छापले, त्याबद्दल आभार. परंतु ‘अंतरिम मनाई’मधील ‘अंतरिम’ हा शब्द आपण गाळलात. जागेची अडचण मी समजू शकतो. या वेळीही काही गाळायचेच असेल तर माझे नाव गाळावे, तो शब्द राहू द्यावा.

आपला,
एक वाचक, बावधन, पुणे