शरीरक्रियाशास्त्राचा पेपर काढताना

प्रिय सुहास,

शारीरिक शिक्षणाच्या वरच्या वर्गासाठी व्यायाम शरीरक्रियाशास्त्राचा ५० गुणांचा पेपर तुझ्याकडे आलाय आणि वेळ दोनच तास, म्हणून सविस्तर लिहितोय.

संविधान तक्ता आधी कर हे तुला सांगायला नकोच. माझ्या मते वाटणी अशी असावी: वस्तुनिष्ठ १०, तीन-तीन गुणांचे पाच लघुत्तरी म्हणजे १५, माहितीवर आधारित एक प्रश्न १० गुणांचा आणि दोनांपैकी एक दीर्घोत्तरी १५ गुणांचा. वेळ अनुक्रमे १२, ३५, २५ आणि ३५ मिनिटं धरली तर वाचायला-तपासायला १३ मिनिटं उरतात. पेपर बहुतेक वेळा बिघडतो तो उपयोजनाच्या रकान्यात. तिथे १५ गुण दाखवलेले असतात आणि प्रत्यक्षात 'व्याख्या लिहा', 'टीप लिहा' हेच. म्हणून माहितीवरचा प्रश्न आधी काढ, बाकीचे नंतर.

एक नमुना देतो. दोन वीस वर्षांचे तरुण घे. 'अ' व्यायाम न करणारा, 'ब' लांब पल्ल्याचा धावपटू. विश्रांतीत अ चे ठोके मिनिटाला ७२ आणि स्ट्रोक व्हॉल्यूम ७० मिली. ब चे ५० आणि १०० मिली. कमाल व्यायामात अ चे २०० आणि १०० मिली, ब चे १९० आणि १६० मिली. हे तक्त्यात मांड आणि तीन उपप्रश्न विचार.

पहिला, ४ गुण: चारही कार्डिआक आउटपुट काढा. उत्तरं ५.०४, ५, २० आणि ३०.४ लिटर प्रति मिनिट. प्रत्येकी अर्धा गुण मांडणीला, अर्धा एककासह बरोबर उत्तराला. मिलीचे लिटर न करता ५०४० मिली प्रति मिनिट लिहिलं तरी पूर्ण गुण, हे गुणदान योजनेत नोंदव, नाहीतर दोन परीक्षक दोन तऱ्हेने तपासतील.

दुसरा, ३ गुण: विश्रांतीत दोघांचं आउटपुट जवळपास सारखं असूनही ब चे ठोके कमी का? 'जवळपास सारखं' हे शब्द प्रश्नातच असू देत. ते काढलेस तर पहिल्या भागात एक शून्य विसरलेला मुलगा इथेही तीन गुण घालवतो, म्हणजे एकाच चुकीची शिक्षा दोनदा. गुण असे: विश्रांतीत दोघांची ऑक्सिजनची गरज साधारण सारखीच (१), ब चं हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलतं (१), कारण डावा कप्पा मोठा होऊन अधिक भरतो (१). तिसऱ्या गुणासाठी पॅरासिम्पथेटिक चेतनेचा वाढलेला प्रभाव लिहिला तरी चालेल. 'त्याचं हृदय मजबूत असतं' एवढ्यावर मात्र शून्य. हे वाक्य निम्म्या वहीत सापडेल, म्हणून आधीच ठरवून ठेव.

तिसरा, ३ गुण: कमाल व्यायामातला १०.४ लिटरचा फरक कशामुळे? ब चे कमाल ठोके उलट कमीच आहेत हे तक्त्यातून टिपणं (१), स्ट्रोक व्हॉल्यूम ६० मिलीने जास्त आहे हे दाखवणं (१), आणि सरावाने कमाल ठोके वाढत नाहीत, स्ट्रोक व्हॉल्यूम वाढतं हा निष्कर्ष (१). पाठ केलेल्याला इथे वाव नाही, आकडे वाचावेच लागतात.

आता वस्तुनिष्ठ प्रश्न. जुन्या पेपरांतले दोन प्रश्न उचलू नकोस. एक, '८०० मीटर धावण्यात कोणती ऊर्जा प्रणाली वापरली जाते?' दोन-अडीच मिनिटं धावणाऱ्या मुलाची निम्म्याहून अधिक ऊर्जा ऑक्सिजनवर चालणाऱ्या प्रणालीतून येते, पण लॅक्टिक प्रणालीचा वाटाही मोठा असतो. दोन्ही पर्यायांवर वाद होणार. त्याऐवजी 'गोळाफेकीच्या एका फेकीत प्रामुख्याने कोणती?' असं विचार. एटीपी-पीसी, प्रश्न संपला. दोन, 'दुसऱ्या दिवशीची स्नायुवेदना लॅक्टिक आम्लामुळे होते' हे बरोबर विधान म्हणून देणं. लॅक्टेट तासाभरात जवळपास विश्रांतीच्या पातळीला येतं. वेदना येते ती स्नायुतंतूंच्या सूक्ष्म इजेमुळे, विशेषतः उतारावर धावण्यासारख्या स्नायू लांबत काम करणाऱ्या हालचालींनंतर. हे विधान चुकीचा पर्याय म्हणून मात्र झकास चालतं.

'२२० वजा वय' वर गणित द्यायचं असेल तर 'अंदाजे' हा शब्द हवाच. सारख्या वयाच्या दोघांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो.

दीर्घोत्तरीचे दोन पर्याय एकाच वजनाचे ठेव. 'श्वसनसंस्थेवरील परिणाम' आणि 'व्यायामाचे फायदे' ही जोडी दिलीस तर सगळे दुसराच लिहितील. त्यापेक्षा श्वसन आणि स्नायू अशी जोडी घे, दोन्हींत तात्कालिक परिणामांना ६, दीर्घकालीन परिणामांना ६ आणि आकृतीला ३.

नमुना उत्तरं टाईप करण्याआधी पेपर घड्याळ लावून स्वतः सोडव. पन्नास मिनिटांच्या वर गेलास तर लघुत्तरींतला एखादा प्रश्न आखूड कर. कच्चा मसुदा पाठव, रविवारी बघून ठेवतो.

तुझा,
मिलिंद