कथेतला बाप आणि ओसरीवरचा बाप

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आमच्या तालुक्यातल्या एका कथालेखकावर लेख आला आहे. त्याच्या लिखाणातली चीड वडिलांच्या मृत्यूतून आली, असं लेखाचं म्हणणं. पुरावा म्हणून एका कथेतला उतारा दिलाय. त्यात निवेदकाचं नाव लेखकाचंच आहे, गावही आमचंच, आणि बाप 2017 च्या बोंडअळीत गेलेला.

हे वडील माझ्यापासून चार घरं सोडून राहतात. पुरवणी घेऊन गेलो तेव्हा ओसरीवर ढेपीचं पोतं सोडत होते. लेख ऐकून म्हणाले, "मले त पोट्ट्यानं मारूनच टाकलं न बाप्पा!" आणि आत चहा सांगितला.

लेखकानं कुणाला फसवलेलं नाही. पुस्तकावर 'कथासंग्रह' असं छापलंय. मुखपृष्ठावरचा, सांगणारा आणि ज्याची गोष्ट तो, हे तिघे एकाच नावाचे असले की ते आत्मचरित्र, असा निकष फ्रेंच अभ्यासक फिलिप लजन यांनी 1975 मध्ये मांडला. नाव एकच पण पुस्तक कादंबरी, हा रकाना त्यांनी रिकामा ठेवला होता. सर्ज दुब्रोव्स्कींनी 1977 मध्ये नेमकं तसंच पुस्तक लिहिलं आणि मलपृष्ठावर त्याला 'ऑटोफिक्शन' म्हटलं. तुमचा लेख लिहिणाऱ्यानं नाव तेवढं पाहिलं, 'कथासंग्रह' हा शब्द पाहिला नाही. शेवटी मात्र "अर्थात ही कथा आहे" अशी पळवाट ठेवली. म्हणजे बोंडअळीपुरती साक्ष, आणि बाप जिवंत निघाला तर कल्पना!

लेखातल्या प्रत्येक वाक्यात 'लेखक' काढून 'निवेदक' घालून पाहा. 'निवेदकाचा बाप गेला' हे टिकतं. 'म्हणून पुस्तकाची भाषा चिडलेली' हे कोसळतं, कारण पुस्तक काही निवेदकानं लिहिलेलं नाही.

या धूसरपणावरून काही मांडताच येत नाही, असं मात्र नव्हे. 'बलुतं'मध्ये (1978) दगडू मारुती पवार आपली कहाणी सांगतो आणि दया पवार ती ऐकतो. माणूस एकच, दगडू हे त्यांचं मूळ नाव. शिकून पुढे गेलेल्याला स्वतःचीच गोष्ट अशी समोर बसून का ऐकावी लागते, यावर लेख लिहिता येतो. त्यासाठी एकेक प्रसंग खरा की खोटा हे तपासायची गरज नाही, कारण सांगणारा आणि ऐकणारा ही विभागणी पुस्तकातच आहे.

आमच्या लेखकाबद्दलही विचारता आलं असतं की जिवंत बापाला स्वतःच्या नावाच्या गोष्टीत का मारावं लागलं? संग्रहातल्या बाकी कथांत बाप समोर असला की मुलगा 'हो'च्या पलीकडे बोलत नाही. या एकाच कथेत तो तोंड उघडतो, तेही तेरवी झाल्यावर. लेखात याचा उल्लेखही नाही.

पुरवणीचं ते पान वडिलांनी ठेवून घेतलं. पोरगा दिवाळीला आला की त्याच्यासमोर ठेवतो म्हणाले.

– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ