विषय: ३०० चा प्लॅन घेऊनही मीटिंगमध्ये आवाज तुटतोय

नमस्कार,

मागच्या महिन्यात तुमच्या कस्टमर केअरमधल्या मॅडम म्हणाल्या की सर घरात माणसं जास्त आहेत, १०० एमबीपीएस पुरणारच नाही, ३०० चा प्लॅन घ्या. घेतला. आणि आजही रात्री ९ वाजले की बायको तिच्या अमेरिकेच्या क्लायंटला "can you hear me" विचारत बसते.

म्हणून रविवारी वही घेऊन बसलो आणि स्वतःच हिशोब केला. टीव्हीवर फोरके पिक्चर लागला तर जास्तीत जास्त २५ धरा, आमचे दोघांचे व्हिडिओ कॉल ४-४, मुलीचा ऑनलाइन क्लास ४, सगळ्यांच्या मोबाईलचे मिळून १०, म्हणजे सगळं एकदम चालू असलं तरी ५० च्या आत. जुना १०० चा प्लॅनच दुप्पट होता की! मग अडतं कुठे?

लॅपटॉपला लॅन केबल लावून स्पीड टेस्ट केली, म्हणजे तुमचा माणूस येऊन परत "वायफायचा प्रॉब्लेम आहे" म्हणायला नको. डाउनलोड २९०, झकास. अपलोड ९.६. जुन्या प्लॅनलाही अपलोड १० च होता, हे तेव्हा कोणी सांगितलं नाही, तुमच्या जाहिरातीतही मोठ्या अक्षरात फक्त ३०० आहे.

आता वर जाणाऱ्या डेटाचा हिशोब बघा. दोन कॉलचे ४-४, क्लासमध्ये मुलीचा कॅमेरा सुरू असला की २, आणि चिरंजीव रात्री गेम लाइव्ह दाखवतात त्याचे ६. झाले १६, आणि पाइप १० चा. त्यात कोणाच्या मोबाईलचा फोटो बॅकअप सुरू झाला की तो उरलंसुरलं सगळं खातो.

खात्री करायला `ping 8.8.8.8` चालू ठेवून बसलो. घर शांत असताना १२-१५ मिलिसेकंद. पोराने लाइव्ह सुरू केलं आणि मी मुद्दाम एक मोठी फाइल वर चढवायला लावली तर ४०० च्या वर. अपलोड भरला की पाकिटं मोडेमपाशी रांगेत उभी राहतात, म्हणून कॉलमध्ये समोरच्याला आमचा आवाज तुटक येतो. पिक्चर मात्र मस्त चालतो कारण तो पुढचा भाग आधीच भरून ठेवतो, त्यामुळे तुमच्या माणसाला "नेट तर चालू आहे" वाटतं.

तेव्हा ३०० नको, मला १०० खाली आणि निदान ३० वर असा प्लॅन द्या, आणि महिन्याभराचा जो फरक घेतलात तो पुढच्या बिलात वळता करा. तुमच्या लाइनवर इतका अपलोड मिळतच नसेल तर तसं लेखी कळवा, म्हणजे मी डिपॉझिट परत घेऊन दुसरीकडे बघतो. तोवर पोराला सांगितलंय, आईची मीटिंग संपेपर्यंत लाइव्ह बंद, आणि घरात त्यावरून रोज वाद होतायत ते वेगळंच.

स्क्रीनशॉट सोबत जोडलेत.

आपला एक जुना ग्राहक