आमच्या धाकट्याचा आंब्याचा धंदा

देवगड,
जून अखेर

प्रिय बंड्या,

तुझा फोन आला तेव्हा मी कलमांच्या आळ्यांत होतो, म्हणून धड बोलता आलं नाही. तू विचारलंस, "पोराचा ऑनलाइन धंदा कसा झाला?" ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतंच.

तुला माहीत आहे, माझ्या बापापासून आमचा हापूस वाशीला जातो. पेटी भरायची, गाडीत टाकायची आणि दलालाच्या पट्टीची वाट बघायची. पट्टीत हमाली, भाडं, दलाली वजा जाऊन काय उरेल ते आपलं. धाकट्याला हेच खुपत होतं. पुण्यात नोकरी करताना त्याने तिथला डझनाचा भाव बघितला होता. फेब्रुवारीत घरी आला, मोबाइलवर बागेचे फोटो टाकले आणि ऑर्डरी घ्यायला लागला.

पहिल्या खेपेला त्याने अढीतला छान पिवळा झालेला आंबा पाठवला. लोकांना लगेच खायला मिळावा, हा हेतू. मी म्हटलं, हा प्रवास सोसायचा नाही. पण सांगून कोण ऐकतो? त्यात निघाला शुक्रवारी. रविवारी माल कुरिअरच्या गोदामात उन्हाच्या तावात पडून राहिला आणि नागपूरला पोचेपर्यंत खालच्या थराचा लगदा झाला. "बाबा, सगळो आंबो फुकट गेलो," म्हणून संध्याकाळभर अंगणात बसून होता.

मग उलट टोक. काढल्या दिवशीचा कडक हिरवा आंबा भरला. हा प्रवासात टिकला, पण घेणाऱ्याला पिकवायचा कसा ते ठाऊक नाही. एका बाईंनी डझनभर आंबा थेट फ्रिजमध्ये ठेवला. तेरा अंशांच्या खाली हिरवा हापूस नीट पिकत नाही. साल काळपट पडते, आत चव येत नाही. त्यांनी "नासका माल" म्हणून पैसे परत मागितले. पोराने वाद घातला. माझ्या मते तिथे तोच चुकला, कारण खोक्यात एक चिठ्ठीसुद्धा टाकली नव्हती.

तिसरी गोष्ट खोक्याची, आणि तिच्यात पैसा कसा जिरतो ते मलाही पहिल्यांदाच कळलं. कुरिअरवाले नुसतं वजन बघत नाहीत. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून पाच हजाराने भागतात आणि जे जास्त येईल त्याचे पैसे लावतात. त्याचा खोका ४० बाय ३० बाय २०, म्हणजे ४.८ किलो. आत अडीचशे ग्रॅमचे बारा आंबे, पेंढा नि पुठ्ठा धरून साडेतीन किलो. जवळजवळ सव्वा किलो हवेचं भाडं भरत होता तो! शिवाय दोन थरांत मोकळी जागा राहून आंबा आत आपटायचा. मग ३६ बाय ३० बाय १२ चा, बाजूला भोकं असलेला खोका करून घेतला. त्यात एकच थर, देठ एका बाजूला, मध्ये पेंढा. भाडं आता खऱ्या वजनाचं लागतं आणि दाबला जाऊन फुटणारा आंबा जवळपास बंद झाला.

एप्रिलच्या शेवटी साका आला. बाहेरून डाग नाही, वास घमघमता, कापला की आत पांढरट स्पंज. तुला लहानपणीचा आठवत असेलच. पण वाशीला साका निघाला तर दलाल बोलतो, इथे गिऱ्हाईक फोटो पाठवतं. आता मात्र पोरगा माझ्याकडे आला. साका बाहेरून ओळखता येत नाही, पण कमी करता येतो. आंबा झाडावर फार जून होऊ द्यायचा नाही, उन्हं चढायच्या आत काढायचा, आणि काढलेला तापलेल्या कातळावर क्षणभरही ठेवायचा नाही. आमचे गडी दुपारपर्यंत घळ चालवून आंबे काढत आणि ढीग तिथेच उन्हात पडे. ते बंद केलं. साका बराच घटला, संपला नाही. तो संपत नाहीच. म्हणून आता फोटो आला की तेवढ्या फळाचे पैसे वाद न घालता परत.

मेमध्ये गाडी रुळावर आली. माल फक्त सोमवार ते बुधवार निघतो. मुंबई-पुण्याला देठाजवळ रंग फिरू लागलेला, नागपूरला कडक हिरवा. चिठ्ठीत लिहिलेलं असतं: पेपरात गुंडाळून घरातच ठेवा, पिकेपर्यंत फ्रिज नको. पैसे आधी घेतो, कारण परत आलेला आंबा म्हणजे खतच.

हिशेब मांडला तर मार्च-एप्रिलचा तोटा मेने जेमतेम भरून काढला. मोठा माल अजून वाशीलाच जातो, आणि माझ्या मते काही वर्षं जाऊ दे. पट्टी कमी येते, पण एका रात्रीत शंभर पेट्या उचलणारा दुसरा कोण आहे?

एक काम आहे तुझ्याकडे. तुमच्या सोसायटीत चाळीसेक घरांनी एकत्र ऑर्डर दिली तर कुरिअर नको, टेम्पोने पेट्याच थेट पोचवू. पोराचीच कल्पना. जानेवारीत मोहोर बघून भाव सांगतो. तोवर वहिनींना विचारून ठेव, पाच डझनी पेटी झेपेल की दोन डझनी बरी.

तुझा,
भाई